सायंकाळचा पाय आणि सकाळची खरेदी

चैत्र-वैशाखात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे सरकला की आपल्या चिकित्सालयांत सायंकाळच्या वेळी एक तक्रार हमखास येऊ लागते. 'वैद्यराज, सकाळी पाय ठीक असतात, संध्याकाळी चप्पल चावते.' दुकानात दिवसभर उभे राहणारा कापड दुकानातील नोकर, शाळेतील शिक्षिका, एस. टी.चा वाहक, यंत्रमागावरील कामगार असे हे रुग्ण असतात. मोज्याच्या इलास्टिकचा वळ दाखवून ते विचारतात, मूत्रपिंड तर बिघडले नाही ना? आणि आपल्यापैकी पुष्कळांची लेखणी अशा वेळी पुनर्नवा व गोक्षुराच्या कल्पांकडे वळते. औषध दुकानात थेट गेलेला रुग्ण तर लघवी वाढविणारी आधुनिक गोळीच घेऊन परततो. माझे स्पष्ट मत असे की, यांतील बहुसंख्य रुग्णांना औषधाची गरज नसते. त्यांच्या पायाला योग्य मापाच्या पादत्राणाची गरज असते, आणि ते माप चुकीच्या वेळी घेतले गेलेले असते.

प्रथम हा फुगवटा होतो कसा ते पाहू. माणूस निश्चल उभा राहिला असता हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाचा सारा भार घोट्याजवळील सिरांवर पडतो. तेथील दाब अशा वेळी सुमारे ९० मि.मी. पाऱ्याइतका असतो. या दाबामुळे केशवाहिन्यांतून द्रव अंश भोवतालच्या धातूंत अधिक प्रमाणात झिरपतो. लसवाहिन्या तो परत उचलत असतात, परंतु झिरपणे उचलण्यापेक्षा अधिक झाले की तळपाय, पायाची पाठ आणि घोटे भरू लागतात. मनुष्य चालू लागला की पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक सिरांना पिळतात, रक्त वर ढकलले जाते आणि घोट्याजवळचा दाब ३० मि.मी.च्या आसपास उतरतो. म्हणून दिवसभर चालणाऱ्या पोस्टमनपेक्षा गल्ल्यामागे दिवसभर उभ्या असलेल्या दुकानदाराचे पाय अधिक सुजतात. पाय खाली सोडून खुर्चीवर बसणाऱ्याचीही गत तीच, कारण त्याची पोटरी निष्क्रिय असते.

उन्हाळा यात दोन गोष्टींची भर घालतो. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि पायाकडे अधिक रक्त येऊन झिरपणे वाढते. दुसरे असे की, उष्ण हवेशी जुळवून घेताना शरीर पहिले काही दिवस लवण व जल अधिक राखून ठेवते. थंड प्रदेशातून मे महिन्यात सोलापुरास आलेल्या पाहुण्याचे घोटे पहिल्या आठवड्यात भरलेले दिसतात आणि पुढे आपोआप उतरतात, त्याचे कारण हेच. रात्री आडवे झाल्यावर रक्तस्तंभाचा भार नाहीसा होतो, साचलेला द्रव परत उचलला जातो, आणि सकाळचा पाय पुन्हा आपल्या मूळ मापावर येतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील श्वयथु अध्याय ज्यांनी लक्षपूर्वक वाचला आहे त्यांना येथे एक शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. वातज शोथाला तेथे 'दिवाबली' म्हटले आहे, तर कफज शोथाला 'रात्रिबली'. वातज शोथ दाबला असता पुन्हा वर येतो, कफज शोथ दाबल्यावर उमटलेला खळगा तसाच राहतो, असा भेदही तेथे आहे. दिवसभरात वाढणारा आणि रात्री ओसरणारा, दाबल्यावर फारसा खळगा न ठेवणारा आपल्या दुकानदाराचा फुगवटा या वर्णनाशी जुळताना पाहून मोह होतो की, हा वातज शोथच, आणि चिकित्साही त्याचीच. या मोहाला मी विरोध करतो. शास्त्रकार तेथे व्याधीचे वर्णन करीत आहेत. निरोगी माणसाच्या पायात उभे राहण्याने येणारा आणि झोपेने जाणारा भरीवपणा हा व्याधी नव्हे. त्याला निदान परिवर्जन पुरेसे आहे. उलट अर्थी हेही ध्यानात ठेवावे की, हृद्रोगातील व सिरांच्या विकारातील सूजही आरंभी दिवसा वाढते व रात्री उतरते. तेव्हा 'दिवाबली' या एका लक्षणावरून रोग ठरवू नये, तसेच रोग नाही असेही ठरवू नये. इतर लक्षणांचा विचार पुढे करतो.

लघवी वाढविणाऱ्या गोळीविषयी एवढेच सांगतो की, वैशाखात घामाने आधीच जलांश गमावलेल्या माणसाला ती देणे म्हणजे चक्कर व थकवा विकत देणे होय. शिवाय काही दिवस घेऊन ती बंद केली की शरीर लवण व पाणी अधिकच धरून ठेवते, पाय पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, आणि रुग्णाला वाटते की गोळीशिवाय आपले चालणार नाही. असे महिनोन्महिने गोळी घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मूळ तक्रार काय होती असे विचारले तर उत्तर येते, 'चप्पल चावत होती.'

आता पादत्राणाकडे वळू. चरक व सुश्रुत या दोघांनीही पादत्रधारण दिनचर्येत सांगितले आहे. डोळ्यांना हितकर, पायांना सुखकर, बल देणारे, असे त्याचे गुण आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. रुग्णाला पथ्यापथ्य सांगताना आपण त्याच्या ताटापर्यंत जातो, अंथरुणापर्यंत जातो, पण दाराबाहेर काढून ठेवलेल्या त्याच्या चपलांकडे नजर टाकत नाही. वास्तविक चिकित्सालयात येणारा प्रत्येक रुग्ण आपली पादत्राणे दाराशी ठेवूनच आत येतो. ती उचलून पाहण्याइतके सोपे परीक्षण दुसरे नसेल.

बहुतेक लोक चप्पल-बूट कधी घेतात? रविवारी, न्याहारी आटोपून, ऊन चढण्यापूर्वी. त्या वेळी पाय दिवसातील सर्वांत लहान असतो. सकाळी अचूक बसलेला जोडा दुपारी ४ वाजता त्याच पायाला आवळू लागतो. 'जोडे सायंकाळी घ्यावेत' हा सल्ला अनेकांनी ऐकलेला असतो. पण सायंकाळी नेमके काय वाढते हे ठाऊक नसल्यामुळे सल्ला पाळूनही चूक होते. ती कशी, हे एका रुग्णाच्या मापांसह मांडतो.

रुग्ण ५६ वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेही, कापडाच्या दुकानात आयुष्यभर उभ्याने काम केलेले. आषाढी वारी आळंदीपासून पायी करण्याचा त्यांचा नेम. आळंदी ते पंढरपूर ही वाट सुमारे २५० किलोमीटरची, पुणे ते सासवड हा एकच टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा. प्रस्थानाच्या आठ दिवस आधी, रविवारी सकाळी ११ वाजता त्यांनी ७ नंबरचे बूट घेतले. दुकानात ते व्यवस्थित बसले. लोणंदच्या मुक्कामी सोबतच्या वारकऱ्याला त्यांच्या डाव्या मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या बाजूस फोड येऊन फुटला होता, आणि त्यांना स्वतःला वेदना जाणवलीच नव्हती. तेथून ते वाहनाने परतले. व्रण भरून येण्यास सात आठवडे लागले, आणि त्यात मधुमेहतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे लागले.

पुढच्या वर्षी वैशाखातच त्यांचे माप घेण्याचे ठरविले. पायाच्या सर्वांत रुंद भागावर, म्हणजे अंगठ्याच्या व करंगळीच्या मुळाशी जे सांधे असतात त्यांवरून, फीत कोठून फिरवायची याची शाईने खूण करून दिली, जेणेकरून दोन्ही वेळी फीत एकाच जागी पडावी. सकाळी ६॥ वाजता उठताच व सायंकाळी ७ वाजता, उभ्या स्थितीत, तीन दिवस त्यांच्या मुलाने मापे घेतली. डाव्या पायाचा घेर सकाळी २४.४ सें.मी. आणि सायंकाळी २५.२ सें.मी. भरला. उजव्याचा सकाळी २४.१ आणि सायंकाळी २४.७. लांबी मात्र सकाळी २५.३ आणि सायंकाळी २५.४, म्हणजे जवळजवळ तीच, कारण एक मिलिमीटरचा फरक मोजण्यातही पडू शकतो.

या आकड्यांत सर्व काही आले. फुगवटा मुख्यतः पायाच्या पाठीवर आणि घेरात असतो, लांबीत नसतो. हाडांचा सांगाडा लांबीला ताणला जात नाही, भोवतालचे मऊ धातू भरतात. आणि आपल्याकडे बुटाचा नंबर सांगतो फक्त लांबी. एका नंबराने लांबी सुमारे ८.५ मि.मी. वाढते. रुंदीचे वेगळे माप काही उत्पादक देतात, त्यात एका पायरीने घेर साधारण ६ मि.मी. वाढतो, पण आपल्या बाजारपेठेतील बहुतेक दुकानांत अशा रुंदीची निवड मिळतच नाही. त्यामुळे सायंकाळी गेलेल्या गिऱ्हाइकाला बूट आवळला की विक्रेता म्हणतो, 'काका, एक नंबर वाढवून घ्या.' हीच ती दुसरी चूक. ८ नंबरच्या बुटात घेर थोडा सैल होतो खरा, पण टाच मागे निसटू लागते, पाऊल प्रत्येक वेळी पुढे सरकते, टाचेला घर्षणाचे फोड येतात आणि उतारावर नखे पुढच्या टोकाशी आदळतात. या रुग्णाचा नंबर ७ हाच योग्य होता. अपुरी होती ती रुंदी.

मधुमेहात याहून एक गंभीर बाब असते. नाड्यांची संवेदना मंदावलेल्या पायाला योग्य मापाचा बूट 'ढिला' वाटतो आणि आवळणारा बूट 'नीट बसलेला' वाटतो, कारण जाणीव होण्याइतका दाब त्यालाच मिळतो. म्हणून 'घालून बघा, बरे वाटते का?' ही परीक्षा मधुमेही रुग्णाच्या बाबतीत सायंकाळीही निरुपयोगी ठरते. तेथे डोळ्यांनी दिसणारे माप हवे.

ते माप घेण्याची रीत अशी. सायंकाळी रुग्णाला जाड कागदावर उभे करावे, दोन्ही पायांवर समान भार द्यावयास सांगावे. बसून माप घेऊ नये, कारण भार पडल्यावर पायाची कमान थोडी खाली बसते व पाऊल लांब-रुंद होते. पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांच्या कडेने रेघ काढावी. कागद त्या रेघेवर कापून घ्यावा. आता रुग्णाच्या बुटातील आतली गादी बाहेर काढून कागदी पाऊल तिच्यावर ठेवावे. पेन्सिलीच्या जाडीमुळे कागद दोन्ही कडांना एखाद-दोन मिलिमीटर बाहेर राहणारच, तेवढे सोडून द्यावे. आमच्या रुग्णाचे डावे कागदी पाऊल सर्वांत रुंद ठिकाणी १०.१ सें.मी. भरले आणि आदल्या वर्षीच्या बुटाची गादी ९.३ सें.मी. होती. आठ मिलिमीटरचा हा फरक करंगळीच्या मुळाशी बुटाच्या भिंतीने पाच-सहा दिवस घासून भरून काढला. व्रण नेमका तेथेच झाला होता. गादी निघत नसेल तर कागदी पाऊल तळव्याखाली धरून पाहावे, किंवा ते बुटात सारावे. कडा दुमडल्या की समजावे की पायाचीही तीच दशा होणार.

लांबीसाठी, सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारे एक सें.मी. जागा सुटली पाहिजे. सर्वांत लांब बोट कित्येकांत अंगठा नसून त्याच्या शेजारचे असते. दोन पायांपैकी मोठ्या पायाचे माप प्रमाण मानावे, आणि प्रवासात जे मोजे घालणार तेच मोजे घालून बूट बघावा. दुकानात चार पावले टाकून भागत नाही, पाच-सात मिनिटे तरी चालावे.

सायंकाळच्या मापाने घेतलेला बूट सकाळी सैल होणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर बुटाच्या लेसमध्ये, म्हणजे आपल्या लोकांच्या भाषेत बुटाच्या नाडीत आहे. नाडीपरीक्षेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या शास्त्राने या नाडीकडेही थोडे लक्ष द्यावयास हरकत नाही. आपल्याकडे नाडी एकदा बांधली की बूट फाटेपर्यंत सोडायची नाही, पाय तसाच घालायचा आणि तसाच काढायचा, अशी पद्धत आहे. आमच्या वारकऱ्याला सांगितले की पहाटे निघताना नाडी घट्ट बांधा, दुपारच्या विसाव्याला पूर्ण सोडा आणि पुन्हा निघताना एक बोट जाईल इतकी ढिली बांधा. पायाचा घेर दिवसात आठ मिलिमीटर बदलतो, तर बुटालाही तेवढे बदलता आले पाहिजे. नाडी, बक्कल किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीतरी असलेलेच पादत्राण लांबच्या प्रवासाला घ्यावे. ज्यात पाय नुसता सरकवायचा असतो त्या बुटात ही सोय नाही.

येथे कोल्हापुरी चपलेचा उल्लेख केला पाहिजे, कारण तिच्या भौगोलिक मानांकनाच्या क्षेत्रात आपला सोलापूर जिल्हाही समाविष्ट आहे आणि आपल्या भागातील वडीलधाऱ्यांचा तिच्यावर जीव आहे. उघडी असल्यामुळे उष्ण हवेत ती उत्तम. पायाला वारा लागतो, घाम साचत नाही. परंतु तिचा पट्टा शिवलेला असतो, ढिला करता येत नाही. वनस्पतिजन्य कषायांनी कमावलेले ते चामडे नवे असताना ताठ असते आणि वापराने मालकाच्या पायाप्रमाणे सैलावते. म्हणून जुनी, पायाला सरावलेली कोल्हापुरी सायंकाळच्या पायालाही सामावून घेते, पण प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतलेली नवी कोल्हापुरी पट्ट्याखाली वळ उठविल्याखेरीज राहत नाही. ज्येष्ठ-आषाढाच्या पावसात ती भिजून जड होते हेही आहेच. मापाची करून घ्यावयाची असल्यास कारागिराकडे सायंकाळीच जावे. संवेदना गेलेल्या मधुमेही पायाला मात्र कोल्हापुरी किंवा अंगठ्याची कोणतीच चप्पल मी सुचवीत नाही.

आता 'सायंकाळ' या शब्दाविषयी. पायाला घड्याळ कळत नाही. त्याला कळते ते किती तास खाली लोंबत किंवा भार सोशीत राहिलो एवढेच. सोलापुरात हा भेद विशेष महत्त्वाचा, कारण येथे यंत्रमागाच्या रात्रपाळीवर काम करणारे कामगार पुष्कळ. रात्रभर मागापाशी उभे राहून सकाळी ७ वाजता सुटणाऱ्या कामगाराचा पाय त्या क्षणी सर्वांत मोठा असतो. तो घरी जाऊन दुपारपर्यंत झोपतो, उठून सायंकाळी ५ वाजता बाजारात जातो आणि 'सायंकाळी घ्या' हा सल्ला तंतोतंत पाळून आपल्या पायाच्या सर्वांत लहान मापाची चप्पल घेऊन येतो. त्याच्यासाठी उपाय एकच. पाळी सुटल्यावर घरी येताच कागदावर पाय ठेवून रेघ काढून घ्यावी आणि दुकानात तो कागद घेऊन जावे. रुग्णालयातील रात्रपाळीच्या परिचारिका, रखवालदार यांनाही हेच लागू पडते.

रात्रीच्या प्रवासाचेही तसेच. सोलापूरहून मुंबईस रेल्वेच्या शायिकेवर आडवे होऊन गेलेला मनुष्य सकाळी ज्या पायांनी उतरतो, त्याहून बसच्या आसनावर पाय खाली सोडून रात्र काढलेल्याचे पाय वेगळे असतात. आसनाच्या कडेचा दाब मांडीखाली पडतो, गुडघे दुमडलेले राहतात, पोटरी हलत नाही. पहाटे बूट चढत नाहीत ते यामुळे. अशा प्रवासाला निघताना बूट काढून बसण्याची सवय चांगली, पण ते पुन्हा चढतील असे असावेत. तासातासाला टाचा व चवडे आलटून पालटून २०-२५ वेळा उचलावेत, बस थांबेल तेथे उतरून चालावे. तिरुपतीला दर्शनासाठी जाणारी कुटुंबे आपल्या शहरात अनेक आहेत. रात्रभर बसून गेल्यावर लगेच रांगेत उभे राहायचे असते, तेव्हा त्यांना हे आवर्जून सांगावे.

वारकऱ्याच्या बाबतीत खरेदीचा दिवसही महत्त्वाचा. माउलींच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असते. बूट त्याआधी किमान तीन-चार आठवडे घ्यावेत. म्हणजे खरेदी नेमकी ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस येते, आणि तेव्हाच्या सायंकाळी पाय वर्षातील मोठ्यात मोठ्या मापाचा मिळतो. पहिले काही दिवस घरातच तासभर घालावेत आणि काढल्यावर पायावर लाल झालेली जागा शोधावी. अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तो बूट त्या पायाचा नव्हे. आमच्या रुग्णाने त्या वर्षी ७ नंबरचाच, पुढे रुंद, वरून जाळीदार कापडाचा, नाडीचा बूट घेतला. मुक्कामावर सोबत्याकडून रोज तळपाय पाहून घेण्याचे त्याने मान्य केले. विसाव्याला तो पाठीवर निजून पाय गाठोड्यावर उंच ठेवी. पंढरपूर गाठून तो व्रणाविना परतला. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही, आणि बुटाइतकेच श्रेय रोजच्या पाहणीला आहे, हे मला मान्य आहे.

निरोगी फुगवटा कोणता आणि रोग कोणता, याची परीक्षा थोडक्यात अशी. निरोगी फुगवटा दोन्ही पायांना जवळपास सारखा असतो, घोट्याच्या वर फारसा चढत नाही, नडगीवर १०-१५ सेकंद दाबले तर खोल खळगा राहत नाही, आणि सकाळी पूर्ण नाहीसा होतो. सकाळीही सूज उरत असेल, श्वास लागत असेल, लघवीला फेस येत असेल, पापण्या सुजत असतील, रुग्ण पांढरा पडला असेल, तर हृदय, वृक्क, यकृत, पाण्डु यांची रीतसर तपासणी करावी. पायापासून सुरू होऊन सर्वांगावर पसरणाऱ्या शोथाविषयी पुरुषांच्या बाबतीत शास्त्रकारांनी दिलेला इशारा आपणांस ठाऊक आहेच. श्लीपदही आपल्या जिल्ह्यास अपरिचित नाही, त्यात सूज बहुधा एका पायाला अधिक असते.

लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, उष्ण झाली, तर मात्र अभ्यंग, मर्दन, स्वेदन यांपैकी काहीही करू नये. खोल सिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा. 'प्रवासाने पाय भरून आलेत, जरा तेल लावून द्या' अशी मागणी घेऊन तो आपल्याकडेच प्रथम येणार आहे, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

औषध दुकानदार बंधूंसाठी दोन गोष्टी. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्या अनेकांचे घोटे सायंकाळी सुजतात. हे औषध लहान धमन्या रुंदावते, सिरा तितक्या रुंदावत नाही, म्हणून केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव झिरपतो. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे नसल्याने लघवी वाढविणाऱ्या गोळीने ती फारशी उतरत नाही. गिऱ्हाइकाला ती गोळी विकण्याऐवजी ज्या डॉक्टरांनी रक्तदाबाचे औषध दिले त्यांच्याकडे पाठवावे, आणि मूळ औषध स्वतःहून बंद करू नये हेही बजावावे. काही वेदनाशामके आणि स्टेरॉइड यांनीही पाय सुजतात. तेव्हा नवा जोडा आवळतो म्हणणाऱ्याला 'गेल्या महिन्यात कोणते नवे औषध सुरू झाले?' असे जरूर विचारावे.

दुसरी गोष्ट भोवरीच्या पट्टीची. आवळणाऱ्या बुटाने करंगळीवर भोवरी होते, आणि तिच्यासाठी सॅलिसिलिक आम्लाची पट्टी आपल्या दुकानांतून सर्रास मागितली जाते. ते आम्ल भोवरीप्रमाणे भोवतालची त्वचाही खाते. संवेदना मंदावलेल्या मधुमेही पायावर ही पट्टी लावली की खाली व्रण होतो आणि रुग्णाला तो कळत नाही. मधुमेहाची औषधे आपल्याच दुकानातून नेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती मागितली तर देऊ नये. त्याऐवजी एक जाड कागद द्यावा आणि सायंकाळी त्यावर पाय उमटवून आणावयास सांगावे.